शिफारसपत्र देतो; आधी आभार, मग तुझ्या कामांची यादी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. पर्यावरण रसायनशास्त्रात पीएच.डी.साठी अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करते आहेस, हे कळल्यावर फार बरं वाटलं. शिफारसपत्र मी देतो, मनापासून देतो. हे उत्तर सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुझे आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत. शिवाय दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या विभागात अशी पत्रं मागणारी मुलं येतात, त्यांनाही याचा उपयोग होईल.

आभार कशाचे, तर त्या मराठी कागदाचे. बी.एस्सी. झाल्यावर तू पाण्याच्या हार्डनेसचं प्रॅक्टिकल पायरीपायरीने मराठीत लिहून काढलंस. बफर कसा करायचा, इंडिकेटर किती टाकायचा, रंग नेमका कुठे थांबायला हवा, सगळं. तो कागद आजही आमच्या लॅबमध्ये ब्युरेटच्या रॅकशेजारी चिकटवलेला आहे. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून मराठी माध्यमातून आलेली पोरं पहिल्या वर्षी इंग्रजी मॅन्युअलपुढे गप्प बसायची. आता ती कागद वाचतात आणि हात चालवतात. माझं निम्मं बोलणं त्या कागदाने वाचवलं. त्यासाठी कोणी तुला मार्क दिले नव्हते, की सर्टिफिकेट दिलं नव्हतं.

आणि तू पाठवलेल्या बायोडेटात तो कागद कुठेच नाही!

म्हणून आता कामाचं बोलतो. मला तुझ्याकडून कामगिरीची यादी हवी आहे, पण बायोडेटासारखी नको. टक्के, स्पर्धा, वर्कशॉप हे सगळं तुझ्या अर्जात येणारच आहे. तेच मी पुन्हा लिहिलं तर निवड समितीला माझ्या पत्रातून नवीन काय मिळणार? त्यांना हवं असतं ते मी समोर उभं राहून पाहिलेलं. ही मुलगी अडली तेव्हा तिने काय केलं, हे मार्कशीटमधून कळत नाही. तेव्हा माझ्या वर्गात, माझ्या लॅबमध्ये किंवा माझ्या देखरेखीखाली घडलेल्या तीन-चार गोष्टीच दे, मात्र प्रत्येक सविस्तर लिही.

एक उदाहरण करून दाखवतो. तू लिहिलंयस, ‘पाणी परीक्षण प्रकल्पात सक्रिय सहभाग.’ या ओळीवरून मला एक वाक्यसुद्धा लिहिता येणार नाही. मला आठवतं ते असं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाईंगवाल्यांची तक्रार होती की टॉवेलला शेड एकसारखी बसत नाही, म्हणून तुमच्या गटाने त्यांच्या बोअरचं पाणी आणलं. ईडीटीए टायट्रेशन सुरू झालं, पण रंग वाइन रेडवरून स्वच्छ निळ्यावर येईचना, मधेच जांभळ्यात रेंगाळायचा. बाकीची मुलं थेंब टाकत राहिली आणि प्रत्येकाचं रीडिंग वेगळं आलं. तू ब्युरेट बंद केलीस आणि बफरची बाटली नाकाशी धरलीस. अमोनियाचा वास जवळजवळ गेला होता, बूच सैल राहिलं होतं. पीएच पेपर लावलास तर १० यायला हवा तो बराच खाली. पीएच उतरला की हा इंडिकेटर नीट रंग बदलत नाही, हे तुम्हाला वर्गात शिकवलेलं होतं. समोरच्या बाटलीशी ते जोडलं मात्र तू एकटीने. ताजा बफर केलास, तेच पाणी पुन्हा घेतलंस आणि रीडिंग जुळली. ५० मिलिलिटर पाण्याला ०.०१ मोलर ईडीटीए १८.५ मिलिलिटर लागलं, म्हणजे लिटरला ३७० मिलिग्रॅम हार्डनेस. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात इष्ट मर्यादा २०० आहे आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. त्यामुळे गटातल्या एकाने ‘पाणी चालण्यासारखं’ असं लिहून टाकलं होतं. तू ते खोडलंस. प्यायला चालेल, पण रंगाईला हे पाणी जड आहे, मऊ करून घ्यायला हवं, असं लिहिलंस.

आता यात मला तुझ्याकडून काय हवंय बघ. साल आणि सेमिस्टर, गटात किती जण होते, तुझा स्वतःचा वाटा कोणता, कुठे अडलं, तू काय केलंस आणि शेवटी हातात काय आलं. इतरांनी केलेलं इतरांच्याच नावावर ठेव. नमुने गोळा करायला दुसरी मुलं उन्हात फिरली होती, तेही लिही. त्याने तुझं काम कमी होत नाही, उलट तुझ्या वाट्याचं जे आहे त्यावर विश्वास बसतो. माझी आठवण कुठे वेगळी निघाली तर तुझी जुनी जर्नल काढून बघ आणि मला दुरुस्त कर.

‘सर, मी मसुदा लिहून पाठवते, तुम्ही फक्त सही करा’ असंही तू विचारलंयस. तसं नको. ही पद्धत सर्रास चालते हे मला माहीत आहे, पण तीन शिक्षकांची तीन पत्रं एकाच हातची असली की वाचणाऱ्याला ते कळतं, आणि मग तिन्ही पत्रं वाया जातात. मुद्दे तू दे, पत्र मी लिहीन.

अर्ज भरताना माझा कॉलेजचा ईमेल टाक, जीमेलचा नको. खाजगी पत्त्यावरून आलेल्या पत्राची काही ठिकाणी वेगळी खातरजमा करतात. पत्र नंतर पाहण्याचा हक्क सोडता का, असा एक प्रश्न फॉर्ममध्ये येईल. तिथे ‘सोडते’ म्हण. उमेदवाराला न दाखवता लिहिलेल्या पत्राला समिती जास्त वजन देते. लिंक मला गेल्यावर हा पर्याय बहुतेक ठिकाणी बदलता येत नाही, म्हणून आधीच ठरव. त्या लिंकवर पत्राबरोबर मलाही एक फॉर्म भरावा लागतो. ही विद्यार्थिनी मी शिकवलेल्यांपैकी वरच्या किती टक्क्यांत बसते, असं त्यात प्रत्येक गुणाबद्दल विचारतात. तिथे मी प्रामाणिक उत्तर देणार. लॅबमधल्या कामात तू अगदी वरच्या रांगेत आहेस. इंग्रजी लेखनात तशी खूण मी करणार नाही, कारण मी पाहिलं तेव्हा ते साधारण होतं. या दोन वर्षांत नोकरीत तू रिपोर्ट लिहिले असशील तर त्यातला एखादा, कंपनीची परवानगी घेऊन, मला पाठव. मी तो वाचेन आणि मत बदललं तर तसं नोंदवेन.

यादीसोबत तुझं स्टेटमेंट ऑफ पर्पज कच्चं असलं तरी जोड, म्हणजे तू ज्या विषयावर भर देते आहेस त्याला धरूनच मी प्रसंग निवडेन. विद्यापीठांची नावं आणि शेवटच्या तारखा एका कागदावर लिही. बऱ्याच तारखा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात आणि त्याच सुमारास इथे आमच्या परीक्षा येतात, म्हणून सगळं या महिन्याअखेरपर्यंत माझ्याकडे येऊ दे. होळकर विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट काढायचा अर्ज केला नसशील तर तो आजच कर.

यादीत पहिला मुद्दा त्या मराठी कागदाचा असू दे. तो कधी लिहिलास, कुणाला विचारून केलास, आधी किती मुलांवर वापरून पाहिलास, ते मला नीट माहीत नाही. तेवढं सांग.

आई-बाबांना नमस्कार.

तुझे सर,
सोलापूर