परतावा मान्य, तरी हप्ता चालूच

कर्ज काढून घेतलेल्या ऑनलाइन कोर्सची कंपनी फी परत द्यायला तयार झाली की पालकांना वाटते, आता हप्ते आपोआप थांबतील. तसे होत नाही. कर्ज वित्तसंस्थेचे असते; तिने पैसे कंपनीला दिलेले असतात आणि कर्जदार मात्र विद्यार्थी किंवा पालक असतो. समजा, साठ हजारांच्या कर्जाचे पाच हजारांचे दोन बिनव्याजी हप्ते भरले आहेत. मग कंपनीने पन्नास हजार वित्तसंस्थेकडे भरून कर्ज बंद करायला हवे आणि भरलेले दहा हजार पालकांना परत द्यायला हवेत. ईमेलवर ही विभागणी, तारीख आणि कर्ज खाते क्रमांक लिहून घ्यावा, तोच ईमेल वित्तसंस्थेला पाठवावा.

रागाच्या भरात बँकेतले ऑटो-डेबिट बंद करणे मला धोक्याचे वाटते. कर्ज संपत नाही, दंड लागतो आणि सिबिलवर थकबाकी दिसते. हप्ता तहकूब केल्याचे वित्तसंस्थेने लेखी कळवल्यावरच ते बंद करावे. तोवर भरलेला हप्ता परताव्यात मागावा. शेवटी 'नो ड्यूज' पत्र घ्यावे.

वित्तसंस्थेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. कंपनीविरुद्ध मात्र ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा ग्राहक आयोगाकडेच जावे लागते. कंपनीने पैसे भरेपर्यंत त्या कर्जाचे हप्ते थांबवण्याची सक्ती वित्तसंस्थांवर व्हावी, ही माझी मागणी आहे.

– एक पालक, नाशिक