पहाटेची कॉफी आणि शेजारच्या खोलीतली झोप

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझी रूममेट रात्रपाळी करून पहाटे तीन-साडेतीनला येऊन झोपते आणि तू साडेपाचला मिक्सरच्या लहान भांड्यात कॉफी दळतेस, तेव्हा तिने बोलून दाखवले नसले तरी तुला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. हाताचा ग्राइंडर घ्यावा की बर, म्हणजे बिया भरडणारे दाते, असलेला विजेचा, हा तुझा प्रश्न. यंत्रांच्या देखभालीत माझी नोकरी गेली असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल, ते सांभाळून घे.

यंत्राशेजारी आवाज किती होतो, यापेक्षा तो तिच्या उशीपाशी किती पोचतो, हे आधी पाहायला हवे. गेल्या आठवड्यात मी फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपने आपल्या स्वयंपाकघरात हातभर अंतरावरून ताडून पाहिले. असे अ‍ॅप नेमका आकडा देत नाही, पण तोच फोन त्याच जागी ठेवला तर तुलनेपुरते चालते. मिक्सर ८५ डेसिबलच्या पुढे गेला, शेजाऱ्यांचा विजेचा बर ग्राइंडर ७५ च्या आसपास राहिला आणि हाताचा साधारण ६० वर. हे आकडे सरळ वजाबाकीने वाचू नयेत. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे हाताच्या ग्राइंडरपुढे मिक्सर पाच-सहा पट मोठा वाटतो.

आता तुमच्या फ्लॅटचा हिशेब मांडू. स्वयंपाकघरापासून तिच्या दारापर्यंतच्या अंतरात पाच-एक डेसिबल कमी होतात आणि बंद असलेले साधे फ्लश दार आणखी वीसेक अडवते, असे धरून चल. मग तिच्या पलंगापाशी मिक्सरचे ६० उरतात, विजेच्या ग्राइंडरचे ५० आणि हाताच्या ग्राइंडरचे जेमतेम ३५. छताचा पंखा मधल्या वेगावर ४० ते ४५ डेसिबलचा आवाज करत असतो. म्हणजे हाताच्या ग्राइंडरचा आवाज पंख्याखाली झाकला जातो, विजेच्या ग्राइंडरचा वर डोकावतो आणि मिक्सर तर सरळ जागेच करतो. बंगळुरूच्या डिसेंबरमध्ये ती पंखा बंद करून झोपत असेल तर ही सवलत नाहीशी होते, हे मात्र लक्षात ठेव. दाराखालच्या फटीला जुनी चादर गुंडाळून लावली तर मोटरची तीक्ष्ण किरकिर बरीच अडते, कारण उंच पट्टीचा आवाज फटीतून जितका सहज शिरतो, तितका लाकडातून शिरत नाही.

या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही, आणि तुमच्या घरात तीच सर्वांत त्रासदायक असावी असा माझा कयास आहे. तू लिहितेस की ओट्यामागची भिंत तिच्या खोलीशी सामाईक आहे. ओट्याचा ग्रॅनाइट त्या भिंतीत बसवलेला असतो, त्यामुळे त्यावर ठेवलेल्या मोटरची कंपने हवेतून न जाता दगडातून भिंतीत आणि भिंतीतून थेट पलंगाच्या उशापर्यंत जातात. दाराचा तिथे काहीच उपयोग होत नाही. खात्री करायची असेल तर रूममेट बाहेर असताना एखाद्या मैत्रिणीला मिक्सर चालवायला सांग आणि तू पलीकडे जाऊन तळहात भिंतीला टेकव. हाताला थरथर जाणवली तर आवाज भिंतीतून येत आहे. त्यावर उपाय साधा आहे: योगा मॅटचा तुकडा दुहेरी करून यंत्राखाली घालावा, किंवा यंत्र ओट्यावर न ठेवता जेवणाच्या टेबलावर ठेवावे. ग्राइंडरभोवती टॉवेल गुंडाळण्याचा मोह मात्र टाळ. हवेची भोके बंद होऊन मोटर तापते.

हाताच्या ग्राइंडरची खरी जमेची बाजू इथेच आहे. तो ओट्याला टेकतच नाही. तू मोढ्यावर बसून तो मांडीशी धरलास की उरलेली कंपने तुझ्याच अंगात जिरतात. मोटरची घरघर नाही, एकदम सुरू होऊन एकदम थांबणे नाही. आणि झोपलेल्या माणसाला सलग मंद आवाजापेक्षा अचानक उसळलेला आवाजच जास्त जागवतो. पहिली काही वळणे बिया फुटताना कडकड होते, पुढे नुसती खसखस उरते आणि शेवटी मूठ एकदम हलकी फिरू लागते, तेव्हा दळण संपले असे समजावे. ती कडकड कमी करायची असेल तर ग्राइंडर थोडा तिरका धर, म्हणजे एका वेळी थोड्याच बिया दात्यांत उतरतात आणि जोरही कमी लागतो. हलक्या भाजलेल्या बिया कठीण असतात, त्या जास्त आवाज करतात आणि हातही दुखवतात. तू आणतेस त्या चिकमगळूरच्या गडद भाजलेल्या बिया त्या मानाने सहज फुटतात.

दोष सांगायचा तर वेळेचा. पंधरा-सोळा ग्रॅम बिया मध्यम जाडीला दळायला चांगल्या पोलादी दात्यांचा ग्राइंडर मिनिटभर घेतो. आपल्या पितळी फिल्टरसाठी बारीक दळायचे तर दीड-दोन मिनिटे धर. स्वस्तातल्या ग्राइंडरमध्ये मधला दांडा डुगडुगतो, मग पुडीत रवा आणि पीठ दोन्ही एकत्र निघतात आणि वेळही दुप्पट लागतो. विकत घेताना रिकामा फिरवून पाहा: धातू धातूला घासल्याचा आवाज आला तर आधी दाते थोडे जाड दळण्याकडे सैल कर. तरीही आवाज राहिला तर दांडा सरळ बसलेला नाही, तो नग घेऊ नकोस.

एक लहानशी बाब बहुतेक जण विसरतात. दळण शांतपणे होते आणि त्यानंतर माणूस चिकटलेली पूड पाडण्यासाठी भांडे ओट्यावर ठकठक आपटतो. पहाटेच्या शांततेत ती ठकठकच सर्वांत दूर जाते. चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून झटक आणि त्या ओलसर दांड्याने बिया एकदा ढवळ. स्थिर विजेमुळे पूड चिकटते ते कमी होते आणि आपटण्याची वेळच येत नाही. बिया रात्रीच मोजून कापडी पिशवीत ठेव, म्हणजे पहाटे स्टीलच्या डब्यात खडखडाट होणार नाही.

तेव्हा तुझ्या एकटीच्या कपासाठी हाताचाच ग्राइंडर घ्यावा असे माझे मत आहे. रविवारी तिघी-चौघींसाठी करायची असेल तर हात भरून येईल; त्यासाठी आदल्या रात्री नऊच्या सुमारास, ती कामावर गेल्यावर, मिक्सरमध्येच दळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. एका रात्रीत सुवास थोडा उतरतो, पण दुधाच्या कॉफीत ते कळत नाही. तुझी आई मात्र कळते म्हणते. चिकोरी तू पूड म्हणूनच आणतेस, ती ग्राइंडरमध्ये घालू नकोस, दळून झाल्यावर मिसळ.

भिंतीला हात लावून काय जाणवले ते मला कळव. थरथर बरीच असेल तर रविवारसाठीचा मिक्सरसुद्धा टेबलावरच हलवावा लागेल, कारण ती घरी नसली तरी त्या भिंतीपलीकडे सुट्टीच्या दिवशी दुसरे कोणी झोपलेले असू शकते.

तुझे,
बाबा