दंड लावला म्हणून देवगडात कर्ज वाढणार नाही

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

मी देवगड तालुक्यातला निवृत्त बँक कर्मचारी. निम्मी नोकरी कॅश काउंटरवर गेली, निम्मी कर्जाच्या टेबलावर. परवा आमच्याकडे आंबा बागायतदारांची बैठक झाली. एक तरुण उठला आणि म्हणाला, "आमच्या ठेवी घ्यायच्या, वर नेऊन रिझर्व्ह बँकेत ठेवायच्या आणि आम्हाला कर्ज नाही! जपानसारखं बँकांनाच व्याज भरायला लावा, मग येतील दारात." टाळ्या पडल्या, ठरावही झाला. तो यथावकाश आपल्या टेबलावर येईल, त्याआधी हे पत्र.

पोराचा राग खरा आहे, हिशोब चुकलाय.

बँकेचं आपल्याकडे खातं असतं, त्यातली शिल्लक म्हणजे राखीव निधी. समजा आमच्या बँकेची १०० कोटींची जादा शिल्लक तिथे पडून आहे आणि आपण उणे अर्धा टक्का दर लावलात. वर्षाला ५० लाख गेले. घाबरून बँकेने मालवणच्या एका ट्रॉलरवाल्याला १० लाख दिले. त्याने ते इंजिनवाल्याला दिले, त्याचं खातं दुसऱ्या बँकेत. संध्याकाळी हिशोब मिटला तेव्हा आमच्या शिल्लकेतले १० लाख त्या बँकेच्या शिल्लकेत गेले होते. आपल्या वहीतली एकूण बेरीज तेवढीच राहिली. दंड फक्त दुसऱ्याच्या माथी गेला. कर्ज दिल्याने ही बेरीज घटत नाही. ती घटते लोकांनी नोटा काढल्या, सरकारच्या खात्यात पैसा गेला किंवा आपण स्वतः तो शोषून घेतलात तर.

मग हा दर लावतात कशाला? प्रत्येक बँक शिल्लक दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघते, रोखे घेते, स्वस्तात उसने देते; त्या ढकलाढकलीत बाजारातले सगळे दर खाली येतात. स्वित्झर्लंडला तर कर्जवाटपापेक्षा फ्रँकची चिंता होती. बाहेरचा पैसा येऊन फ्रँक महाग होऊ नये म्हणून जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी दर उणे ०.७५ वर नेला. तोही सगळ्या शिल्लकेवर नव्हता, ठरावीक मर्यादेपर्यंत सूट होती. जपाननेही २०१६ मध्ये शिल्लकेचे तीन थर केले आणि उणे ०.१ टक्का फक्त सर्वांत वरच्या थराला लावला. मार्च २०२४ मध्ये तोही उठवला. बैठकीत हे कोणी सांगितलं नाही.

आता बँक म्हणेल, दंड भरण्यापेक्षा नोटाच आणून ठेवू. १०० कोटी पाचशेच्या नोटांत म्हणजे २० लाख नोटा, शंभरच्या गड्ड्या केल्या तर २० हजार गड्ड्या. एवढ्यासाठी स्ट्राँगरूम, विमा आणि बंदूकवाला पहारेकरी हवा. त्यात आमच्याकडचा पावसाळा. जुलैत कपाटातल्या गड्डीला वास सुटतो, वरची नोट खालच्या नोटेला चिकटते, ते मी हाताने सोडवलंय. म्हणून बँक थोडा दंड निमूट सोसेल. पण दर फार खाली नेलात, तर स्ट्राँगरूमचा खर्चही स्वस्त वाटायला लागेल. दर किती खाली जाऊ शकतो, ते इथे ठरतं.

ठेवीदाराचं मात्र वेगळं. मुंबईहून मुलगा पाठवतो ते पैसे खात्यात ठेवणाऱ्या आजीकडून बँकेने वर्षाला शंभर रुपये कापून बघावेत. दुसऱ्या दिवशी पासबुक काउंटरवर आपटेल आणि सगळे काढून नेईल. तिच्याकडे थोडेच असतात, ते तांदळाच्या डब्यातही मावतात. म्हणून युरोपातही बहुतेक बँकांनी छोट्या ठेवीदाराला उणे व्याज लावलं नाही. दंड नफ्यातून गेला. स्वित्झर्लंडमध्ये तर घरकर्जाचे दर सुरुवातीला उलट वाढले. कर्ज स्वस्त व्हावं म्हणून दंड मागणाऱ्या आमच्या तरुणाला हे कोण सांगणार?

आणि महोदय, ठेवींचा जो हिस्सा प्रत्येक बँकेला आपल्याकडे ठेवावाच लागतो, त्या सीआरआरच्या पैशांवर आपण २००७ पासून दमडी व्याज देत नाही. तरी आमच्या शाखेतलं कर्ज त्याने वाढलं नाही.

कारण ते कर्ज आपल्या दरात अडकलेलं नाही, सातबारावर अडकलंय. माझ्या टेबलावर आलेल्या एका अर्जात कलमं ऐंशी, उत्पन्न चोख, पण उताऱ्यावर नावं एकतीस. त्यातले सात वारलेले, बाकीचे परळपासून विरारपर्यंत. सगळ्यांच्या सह्यांशिवाय बागेचं गहाणखत होत नाही. मी अर्ज परत केला आणि फाईलवर लिहिलं, "तारण अपुरं". उणे पाच टक्के दर असता तरी तेच लिहिलं असतं.

म्हणून मागणी एकच. आमच्या जिल्ह्यातल्या शाखांनी नाकारलेल्या शेतीकर्जाच्या अर्जांची कारणं जिल्हा अग्रणी बँकेकडून दर तिमाहीला मागवा, आणि "तारण अपुरं" एवढ्यावर मानू नका. सामाईक नावांमुळे किती अडले, तो आकडा वेगळा काढायला लावा. तो हातात आला की महसूल खात्याकडे आम्ही जाऊ.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग