कापसाची कविता

चोपडा

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

इन्स्टाग्रामवरच्या तुझ्या चार ओळी वाचल्या.

घाम गाळतो बळीराजा,
भाव मात्र मिळत नाही;
जगाला झाकतो जो,
त्याला कुणी झाकत नाही.

खूप जणांनी पुढे पाठवल्या म्हणालास. मला त्यात आपलं घर सापडलं नाही. कापसाच्या जागी ज्वारी धर, 'झाकतो'चं 'पोसतो' कर; कवितेला काहीच होत नाही. मग ती कापसाची नव्हतीच. शेवटच्या ओळीत तू निकालही देऊन टाकलास. वाचणारा मान डोलावतो आणि बोट पुढे सरकवतो, त्याला करायला काही उरत नाही.

तुझ्याजवळ याहून खरं काही आहे. भाव वाढेल म्हणून आपण कापूस विकला नव्हता. आतली खोली आढ्यापर्यंत भरली, अंगाला खाज सुटायला लागली, म्हणून ऐन थंडीत आपण सगळे ओट्यावर झोपायचो. तेवढंच लिहून बघ:

घरभर कापूस.
आम्ही ओट्यावर झोपतो.
भाव अजून आला नाही.

निकाल गेला, पण शेवट अजून गाऱ्हाण्यावरच होतोय. भावाची ओळ मधे घे:

घरभर कापूस.
भाव यायचाय.
आम्ही ओट्यावर झोपतो.

शब्द जवळपास तेच, पण आता भाव हे कारण झालं आणि शेवटी माणसं दिसली. ज्यांच्या घरात एवढा कापूस, ती बाहेर थंडीत का, हे वाचणाऱ्याचं त्यालाच जुळवावं लागतं. आणखी कापायचा मोह होईल तुला. पण 'भाव यायचाय' काढलंस तर मुंबईच्या माणसाला ही सुगीची भरभराट वाटेल. तेवढं राहू दे. खाज आणि थंडी लिहू नकोस, ती ओट्यात आलीच.

सर्वांना लागू पडणारी ओळ लिहूच नये, असं मी म्हणत नाही. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई संसाराबद्दल थेट बोलल्या, पण बोलण्याआधी त्यांनी चुलीवरचा तवा ठेवला, हाताला चटके बसू दिले. म्हणून त्यांची एकटी ओळ कुणी स्टेटसला ठेवली तरी हात भाजतो. तुझ्या 'बळीराजा'त चटका कुठेच नाही रे. तो शब्द भाषणात इतका फिरलाय की त्यामागचा माणूस दिसेनासा झालाय.

टाकताना खाली शेतकऱ्याच्या व्यथेबद्दल ओळ लिहू नकोस. कवितेतून काढलेली घोषणा तिथून परत येते. मागे सुकलेल्या शेताचा फोटोही नको, आपलं शेत तेव्हा सुकलेलं नव्हतं. साधा रंग ठेव आणि तीन ओळी तीनच राहतील एवढं अक्षर घे, नाहीतर फोनवर 'झोपतो' एकटं खाली पडतं.

लोक कमी पाठवतील कदाचित. ज्यांच्या घरात कापूस भरलाय, ते काय लिहितात ते मला कळव.

तुझी,
आई