हात धरण्याआधी हाताला सांगा : दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी ठाणे आणि नवी मुंबईत बधिरांध मुलांच्या घरी जाऊन त्यांना शिकवते. या मुलांना ऐकू येत नाही आणि दिसतही नाही, किंवा दोन्ही इतकं अपुरं असतं की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. मला आपल्याकडे एक मागणी करायची आहे. पण या मुलांशी स्पर्शातून बोलतात कसं, हे आधी सांगितल्याशिवाय ती मागणी कळणार नाही. त्यांच्या घरच्यांनी आणि दिवसभर सांभाळणाऱ्या मदतनीस ताई-दादांनीही हे पत्र वाचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

कळव्याची एक मुलगी आहे, आठ वर्षांची. जन्मापासून ठार बहिरी, डोळ्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. मी तिच्या घरी जायला लागले तेव्हा तक्रार एकच होती : आंघोळीच्या वेळी किंचाळते, स्वतःच्या मनगटाला चावते. शेजारीपाजारी हट्टी म्हणायचे, एका ठिकाणी कागदावर 'वर्तन समस्या' असंही लिहून दिलेलं होतं. घडत होतं ते असं. आई घाईत मागून यायची, काखेत हात घालून तिला उचलायची, आणि दुसऱ्या क्षणी अंगावर पाणी. आपल्याला बादलीचा आवाज येतो, आईची हाक येते, नळ दिसतो, म्हणून आंघोळ आपल्याला आधीच कळलेली असते. तिला यातलं काहीच मिळत नव्हतं. तिच्या बाजूने पाहिलं तर रोज कुणीतरी अचानक उचलून पाण्यात टाकत होतं. ती घाबरत होती, आणि ते सांगायला तिच्याकडे किंचाळणं एवढंच होतं.

आम्ही आधी आईचं येणं बदललं. आई आता समोरून किंवा बाजूने येते आणि तिच्या खांद्यावर पूर्ण तळहात ठेवते. रोज त्याच खांद्यावर. हात टेकवून तसाच ठेवायचा, थोपटायचं नाही, बोटांनी हलकं टोकायचंही नाही. हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श या मुलांना दचकवतो. स्थिर आणि थोडा दाबाचा स्पर्श त्यांना झेपतो. मग हात खांद्यावरून दंडावर आणि तिथून तिच्या पंजापर्यंत सरकवत न्यायचा, मध्ये उचलायचा नाही. शेवटी आपलं मनगट तिच्या बोटांखाली द्यायचं. आईच्या मनगटात बांगड्या, बाबांच्या घड्याळ, माझ्या हातात जाड विणीचा दोरा. त्यावरून तिला माणूस कळतो. बांगड्या एखाद्या दिवशी काढून ठेवल्या तर त्या दिवशी तिच्यासाठी आई ओळखीची राहत नाही. म्हणून ही खूण रोज अंगावर हवी. आणि खोलीतून जातानाही सांगून जायचं. न सांगता उठलेलं माणूस तिच्या जगातून एकाएकी नाहीसं होतं, आणि ती रिकाम्या हवेत हात फिरवत बसते.

मग आंघोळीची खूण. ज्या मगाने तिच्या अंगावर पाणी घेतात तोच प्लास्टिकचा मग आम्ही घेतला. खेळण्यातला छोटा मग किंवा प्लास्टिकची बाहुलीएवढी बादली चालत नाही. ती दिसायला बादलीसारखी असते, पण हाताला तिचं बादलीशी काही नातं लागत नाही. रिक्षाचंही तेच. पालक हौसेने खेळण्यातली रिक्षा आणतात. या मुलीला रिक्षा म्हणजे बसताना हाताला लागणारं रेक्झिन आणि धरायची लोखंडी दांडी. म्हणून आमच्याकडे रिक्षाची खूण आहे सीटच्या रेक्झिनचा तळहाताएवढा तुकडा. मुलाचा हात त्या वस्तूच्या ज्या भागावर रोज पडतो, तोच भाग निवडायचा.

हा मग तिला बाथरूमच्या दारात न देता ती बसलेली असते तिथेच द्यायचा. दारात पोचल्यावर दिला तर ती सूचना उरत नाही. तो हातात दिला की थांबायचं. इथेच बहुतेकांची चूक होते. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की माणूस मुलाला ओढून उठवतो. स्पर्शातून आलेली गोष्ट तुकड्यातुकड्याने कळते : आधी कड, मग दांडा, मग पोकळी, मग आठवण. मी दहा ते वीस सेकंद थांबते, कधी त्याहून जास्त. या वेळात मुलगी स्तब्ध होते, श्वास क्षणभर रोखते, हलणारे पाय थांबतात. पाहणाऱ्याला वाटतं तिला आवडलं नाही, लक्षच नाही. खरं तर ती सगळं लक्ष हाताशी एकवटून 'ऐकत' असते. नको असेल तर ते वेगळं दिसतं : बोटं आखडतात, पंजा मागे जातो, वस्तू ढकलली जाते. तिने तो मग ढकलला तर तो तिचा शब्द आहे. थोडं थांबून पुन्हा विचारायचं, आणि आंघोळ टाळता येणारच नसेल तरी हात न ओढता खूण पुन्हा द्यायची.

आता हातांविषयी, कारण घरी आणि दिवसभराच्या केंद्रांत सर्वांत जास्त बिघडतं ते इथेच. मुलाला काही शिकवायचं म्हटलं की मोठी माणसं त्याचा पंजा वरून पकडतात आणि हवा तिथे नेतात. बधिरांध मुलाचे डोळे आणि कान म्हणजे त्याचे हात. ते पकडून ठेवले की त्याला शोधताही येत नाही आणि नाही म्हणताही येत नाही. वर्षानुवर्षं असं झालं की मूल हात छातीशी धरून बसतं, कुणाला हाताला शिवूच देत नाही, किंवा हात ढिले सोडून देतं आणि तुम्ही कराल ते करू देतं. म्हणून आपला हात नेहमी खाली. आपल्या हाताची पाठ तिच्या तळव्याखाली सरकवायची, तिची बोटं आपल्या बोटांवर सैल राहू द्यायची आणि काम आपण करायचं : साबण फिरवणं, मग भरणं, नळ बंद करणं. तिचा हात वर असतो, म्हणजे हवा तेव्हा तो काढून घेता येतो. तो सुटला तर मागे धावायचं नाही. आपला हात तिथेच उघडा ठेवायचा, तो परत येतो.

आंघोळ झाली की तो मग झाकणाच्या एका डब्यात टाकायचा आणि तिचे दोन्ही तळवे आपल्या तळव्यांवरून बाहेर पुसायचे. याचा अर्थ 'संपलं'. ही खूण गाळू नका. काय सुरू झालं हे सांगितलं आणि कधी संपलं हे सांगितलं नाही, तर पुढची गोष्ट पुन्हा धाडकन अंगावर येते.

हे सगळं आई, आजी आणि केंद्रातल्या ताई एकसारखं करायला लागल्यावर काही आठवड्यांत किंचाळणं कमी झालं, मनगटाचे वळ बरे झाले. पुढे काही महिन्यांनी एका दुपारी तिने स्वतः डबा चाचपून तो मग काढला आणि आजीच्या मांडीवर ठेवला. उकडत होतं. तिला पाणी हवं होतं. आजवर फक्त खुणा घेणाऱ्या मुलीने त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून काही मागितलं. आजीने तिला त्याच घटकेला आंघोळ घातली आणि तेच बरोबर केलं. पहिली मागणी टाळली तर मूल पुन्हा मागत नाही.

प्रत्येक बधिरांध माणसाला हीच पद्धत लागते असं नाही. ऐरोलीत एक तरुण आहेत. त्यांना अशर सिंड्रोम आहे : जन्मापासून बहिरेपण, आणि डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होत नजर बोगद्यासारखी अरुंद होत गेलेली. त्यांना सांकेतिक भाषा लहानपणापासून येते. आता ते समोरच्याच्या हातांवर आपले हात ठेवून तीच भाषा हाताने वाचतात. चेहरा दिसत नसल्यामुळे प्रश्न आहे की विधान, हेही हातानेच सांगावं लागतं. सांकेतिक भाषा न येणारे नातेवाईक त्यांच्या तळहातावर तर्जनीने एकेक अक्षर लिहितात. अक्षरं एकाच जागी, एकावर एक, मोठी लिहायची. शिरोरेषा गाळायची, शब्द संपला की क्षणभर थांबायचं, चुकलं तर तळवा पुसून पुन्हा लिहायचं. हे सावकाश होतं आणि थकवतं, म्हणून लांब बोलण्यात मध्ये विश्रांती हवी. पण ज्याने अक्षरं कधी शिकलीच नाहीत त्याला याचा काही उपयोग नाही. कळव्याच्या मुलीच्या तळहातावर लिहिणं म्हणजे नुसती गुदगुली.

महोदय, आता मागणी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये संवादाच्या व्याख्येत ब्रेल आणि सांकेतिक भाषेच्या बरोबरीने स्पर्शाने होणारा संवादही घेतला आहे, आणि बधिरांधत्व बहुविकलांगतेत नमूद आहे. त्यामुळे प्रमाणपत्रावर 'बहुविकलांग' आणि टक्केवारी येते. या माणसाशी बोलायचं कसं, हे मात्र त्या प्रमाणपत्रावरून कुणालाच कळत नाही.

याच मुलीला एका तपासणी शिबिरात नेलं होतं. श्रवण तपासणीच्या खोलीत तंत्रज्ञाने न सांगता तिच्या कानांवर हेडफोन चढवले. तिने ते उपटून फेकले. कागदावर शेरा पडला, 'सहकार्य नाही', आणि पुढची तारीख मिळाली. कुटुंबाची रोजंदारी बुडाली ती वेगळीच. हेडफोन आधी तिच्या हातात दिला असता, मग गालाला टेकवून थांबले असते, तर कानापर्यंत पोचता आलं असतं. शिवाय अशा मुलाला आवाज ऐकून हात वर करायला सांगून काही निष्पन्न होत नाही. त्याला झोपवून, त्याच्या उत्तराशिवाय ऐकणं मोजणारी बेरा तपासणी आहे, तीच आधी लिहून द्यायला हवी होती.

माझी विनंती एका पानाची आहे. बधिरांध व्यक्तीच्या प्रमाणपत्रासोबत 'संवाद पान' जोडण्याची सक्ती करावी. त्यावर घरच्यांच्या मदतीने एवढंच लिहायचं : जवळ येताना कुठे स्पर्श करावा, कुठे करू नये, ओळख कशावरून पटते, रोजच्या खुणा कोणत्या, 'हो' आणि 'नको' कसं दिसतं, किती वेळ थांबावं. पान घरच्या भाषेत असावं आणि दर वर्षी नवं करावं, कारण मूल वाढतं, उरलेली नजर घटते आणि खुणा बदलतात. शिबिरातल्या टेबलावर बसणाऱ्यांनी तपासणीआधी ते वाचावं.

हे पान भरून घेणारी माणसं तयार करायला दूर जावं लागणार नाही. वाशीचं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र, खारघरचं बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आणि बधिरांधांसाठी 1977 पासून काम करणारी मुंबईची हेलन केलर संस्था, ही सगळी हाकेच्या अंतरावर आहेत. दिवसभराच्या केंद्रांतल्या मदतनीसांना त्यांच्याकडे हात-खाली-हात ही एकच गोष्ट आधी शिकवावी, आणि ती डोळ्यांना पट्टी बांधून, कानांत बोळे घालून त्यांच्यावरच करून दाखवावी. वरून धरलेला हात आणि खालून दिलेला हात यांतला फरक व्याख्यानाने पोचत नाही.

पानाचा कच्चा नमुना मी या पत्राच्या टपालाने पाठवलेल्या प्रतीला जोडला आहे. ठाणे जिल्ह्यातल्या पुढच्या शिबिरात तो वापरून पाहण्याची परवानगी द्यावी. पालकांसोबत बसून पानं भरायला मी तिथे हजर राहीन.

आपली नम्र,
ठाणे-नवी मुंबईतील एक विशेष शिक्षिका