निबंधाच्या शेवटच्या चार ओळीही वाचकांना कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्याच्या पानावर ‘नव्या संशोधनानुसार...’ अशी सुरुवात असलेल्या बातम्या मी न चुकता वाचते. निष्कर्ष काय, किती लोकांवर अभ्यास झाला, कोणत्या नियतकालिकात आला, एवढं त्यात असतं. पण शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात चार ओळी असतात: माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी कोणती, संमती कशी घेतली, पैसा कोणाचा आणि कोणत्या लेखकाने काय काम केलं. त्या चार ओळींबद्दल बातमीत कधीच काही नसतं. मी डॉक्टर नाही, पण काही वर्षं एका एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिकांची प्रतिनिधी म्हणून बसले आहे. त्या ओळी किती बोलतात आणि किती लपवू शकतात, हे तिथे शिकले. म्हणून हे पत्र.

उदाहरण सगळ्यांच्या ऐकण्यातलं घेते. फेब्रुवारी 1998मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 12 मुलांवरचा एक निबंध आला. अँड्र्यू वेकफिल्ड हे पहिले लेखक, एकूण लेखक 13. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस आणि मुलांमधली आतड्याची व वागणुकीची लक्षणं यांचा संबंध असावा, असं त्यातून सुचवलं गेलं. पुढे मोठमोठ्या अभ्यासांत तो संबंध आढळला नाही, पण तोवर असंख्य आईबापांच्या मनात लसीची धास्ती बसली होती. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. माहीत नसतं ते हे, की 2010मध्ये लॅन्सेटने निबंध मागे घेतला तेव्हा खोटी ठरलेली विधानं म्हणून दोन गोष्टींचा स्पष्ट उल्लेख केला होता. एक, ही मुलं ओळीने, जशी पाठवली गेली तशी रुग्णालयात आली. दुसरी, त्यांच्या तपासण्यांना स्थानिक एथिक्स कमिटीची मंजुरी होती. म्हणजे ज्या ओळीला आपण सारे शिष्टाचार समजून ओलांडून जातो, तीच ओळ निबंधाच्या मुळावर आली.

निबंधातली ती ओळ अगदी सरळ होती: रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीने तपासण्यांना मंजुरी दिली आणि पालकांनी समजून-उमजून संमती दिली. मंजुरीचा क्रमांक नाही, तारीख नाही. कमिटीकडे 172-96 या क्रमांकाचा एक प्रस्ताव होता खरा, आणि त्याला मंजुरीही मिळाली होती. पण तिला अट होती: 18 डिसेंबर 1996 नंतर दाखल होणारी मुलंच अभ्यासात धरायची. निबंधातली मुलं जुलै 1996पासून दाखल होऊ लागली होती. निबंधात क्रमांक आणि तारीख छापली असती, तर कोणत्याही सावध वाचकाला दोन तारखा शेजारी ठेवून प्रश्न विचारता आला असता.

वेकफिल्ड यांचे ज्येष्ठ सहकारी प्रा. जॉन वॉकर-स्मिथ यांचं म्हणणं वेगळं होतं. या तपासण्या संशोधनासाठी नव्हत्याच, आजारी मुलांचं निदान करण्यासाठी होत्या, असं ते सांगत राहिले. ब्रिटनच्या मेडिकल कौन्सिलने त्यांच्यावर कारवाई केली, पण 2012मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हे मुद्दाम लिहिते. पण त्यांचं म्हणणं मान्य केलं तरी निबंधातली ओळ टिकत नाही. तपासण्या संशोधनासाठी असतील, तर आधी मंजुरी हवी होती. त्या उपचाराचा भाग असतील, तर ‘कमिटीने तपासण्यांना मंजुरी दिली’ हे लिहायचं कारणच नव्हतं. न्यायाधीशांनीही ते विधान असत्य असल्याचं म्हटलं होतं.

संमतीचा प्रश्न इथेच येऊन मिळतो, आणि मला तो सर्वांत जास्त टोचतो. या मुलांची कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी झाली, काहींच्या पाठीत सुई घालून पाणी काढलं गेलं. लहान मुलासाठी या साध्या गोष्टी नव्हेत. पोटाच्या त्रासाने बेजार झालेल्या मुलाला घेऊन आलेली आई डॉक्टर सांगतील तिथे सही करते. आमच्या कमिटीपुढे एकदा एक संमतीपत्र आलं होतं. सहा पानांचं, आणि पाचव्या पानावर एकाच वाक्यात लिहिलेलं, की घेतलेल्या रक्तातला थोडा भाग अभ्यासासाठी राखून ठेवला जाईल. ‘नाही’ म्हणायला चौकट नव्हती. नाही म्हटलं तर उपचारात फरक पडेल का, याचंही उत्तर कुठे नव्हतं. आम्ही ते परत पाठवलं. दुरुस्त होऊन आलं तेव्हा उपचाराची सही वेगळी होती, अभ्यासाची वेगळी, आणि मध्ये दोन ओळी होत्या: ‘ही तपासणी तुमच्या मुलाच्या उपचारासाठी नाही. नकार दिलात तरी उपचार तसेच चालू राहतील.’ ‘संमती घेतली’ असं लिहिणाऱ्या निबंधामागे यांतला कोणता कागद आहे, हे त्या दोन शब्दांतून कधीच कळत नाही.

आता पैशाविषयी. निबंधाच्या शेवटी आर्थिक साहाय्याची ओळ होती, पण तीत एक नाव नव्हतं. लस बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध पालकांच्या वतीने दावा लावू पाहणाऱ्या वकिलाने वेकफिल्ड यांना आधीच नेमलं होतं आणि सरकारी कायदेविषयक मदत निधीतून 55,000 पौंड मंजूर झाले होते. 12 मुलांपैकी काहींचे पालक त्या दाव्याशी जोडलेले होते. ‘ओळीने आलेली मुलं’ हे विधान खोटं का ठरलं, ते इथे कळतं. हितसंबंध असणं हा गुन्हा नव्हे. पैसा कुठून तरी यावाच लागतो. पण ही एक ओळ छापली असती, तर मुलं कुठून आली हे विचारण्याची बुद्धी संपादकांना आणि वाचकांना झाली असती. ही माहिती बाहेर यायला 2004 उजाडलं, आणि ती बाहेर काढली एका पत्रकाराने, ब्रायन डीअर यांनी.

त्यानंतर काही आठवड्यांतच 13 पैकी 10 लेखकांनी निबंधात लावलेला लसीशी संबंधाचा अर्थ मागे घेतला. या निबंधात कोणी काय केलं, याची टीपही होती: कोलोनोस्कोपी कोणी केल्या, पेशींची तपासणी कोणी केली, वगैरे. प्रत्येकाचं काम नेमून दिलेलं होतं, पण मुलांची मूळ कागदपत्रं आणि छापलेला तक्ता यांचा ताळा कोणी घातला, हे कुठेच नव्हतं. आज वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियम सांगतात, की लेखक म्हणवून घ्यायचं तर काम करणं, मसुद्यात वाटा उचलणं आणि अंतिम प्रतीला होकार देणं यांच्या जोडीला संपूर्ण निबंधाची जबाबदारीही घ्यायला हवी. ही जबाबदारीची अट 2013मध्ये जोडली गेली.

माझी विनंती छोटी आहे. माणसांवरच्या संशोधनाची बातमी देताना आपल्या प्रतिनिधींनी निबंधाचं शेवटचं पान उघडावं आणि दोन गोष्टी बातमीत द्याव्यात: पैसा कोणाचा, आणि कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक व तारीख छापली आहे का. छापली नसेल तर तेही लिहावं. जागा एका वाक्याची लागेल.

आपली,
एक नियमित वाचक