बँकेच्या अर्जाचा तो नमुना अपुरा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलचे सिम कायमचे गेल्यावर बँकेला द्यायच्या अर्जाचा जो नमुना आपण कालच्या अंकात छापला, तो वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. ‘माझा जुना क्रमांक बंद झाला असून नवीन क्रमांक नोंदवावा, ही विनंती.’ एवढेच लिहून कोणी बँकेत गेले तर त्याचे अर्धेच काम होईल, आणि उरलेले अर्धे धोक्याचे आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे सांगतो. तिची पर्स एसटीत गेली, त्यात फोन होता. डुप्लिकेट सिम मिळेना, कारण ते कार्ड भावजींच्या नावावर घेतलेले आणि भावजी हयात नाहीत. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रे जमेपर्यंत रिचार्जची मुदत संपून तो क्रमांकच बंद झाला. ताईने बँकेत आपल्या नमुन्यासारखाच अर्ज दिला. खिडकीवरच्या माणसाने सांगितले, ‘जुन्या नंबरवर ओटीपी येईल, तो सांगा.’ जो क्रमांक हातात नाही म्हणून ती आली होती, त्याच क्रमांकावरचा ओटीपी! जुना क्रमांक हाताशी नसेल तेव्हा शाखेने समोरच्या माणसाची मूळ ओळखपत्रे, पासबुक आणि नमुना सही पडताळून बदल करायचा असतो. शाखाधिकाऱ्यांकडे गेल्यावर तसेच झाले. नवा क्रमांक नोंदला गेला, संदेश आला, आम्ही निश्चिंत झालो.

काही महिन्यांनी सहज म्हणून मी ताईचा जुना क्रमांक लावून पाहिला. एका तरुणाने उचलला. भला माणूस होता. म्हणाला, ‘काका, तुमच्या बँकेचे मेसेज मला येतात, एफडीचे व्याज जमा झाल्याचे.’ मला घाम फुटला. बंद झालेला क्रमांक नियमाप्रमाणे 90 दिवस कोणाला देता येत नाही, त्यानंतर मात्र तो खुशाल दुसऱ्याला दिला जातो. पण नवा क्रमांक नोंदल्यावरही संदेश तिकडे का जात होते?

कारण असे निघाले की बँकेच्या संगणकात मोबाइल क्रमांक खात्याला जोडलेला नसतो, तो ग्राहक क्रमांकाला जोडलेला असतो. ताईची ठेव पूर्वी दुसऱ्या शाखेत काढलेली, तिथे तिचा वेगळाच ग्राहक क्रमांक तयार झाला होता. अर्जात बचत खाते लिहिले, म्हणून बदल तेवढ्याच ग्राहक क्रमांकात झाला. पासबुकाच्या पहिल्या पानावरचा ग्राहक क्रमांक आणि ठेवीच्या पावतीवरचा ग्राहक क्रमांक शेजारी ठेवून पाहिला असता तर हे तेव्हाच कळले असते. संयुक्त खात्याचेही तेच, प्रत्येक खातेदाराचा मोबाइल क्रमांक त्याच्या स्वतःच्या नावाखाली असतो.

म्हणून अर्जात दोन स्वतंत्र मागण्या हव्यात. पहिली अशी: ‘माझा अमुक क्रमांक माझ्या ताब्यात नाही. त्यावर ओटीपी व व्यवहाराचे संदेश पाठवणे आणि त्या क्रमांकावरची मोबाइल बँकिंग व यूपीआय सेवा आजपासून बंद करावी.’ दुसरी: ‘माझ्या पुढील सर्व ग्राहक क्रमांकांवर नवीन क्रमांक नोंदवावा’, आणि खाली बचत, ठेव, कर्ज, लॉकर सगळे लिहावे. पर्समधून सिमबरोबर डेबिट कार्डही गेले असेल तर ते आधी बंद करावे, अर्जाची वाट पाहू नये. कार्डावरचे आकडे आणि ओटीपी एकाच माणसाच्या हाती पडले की ऑनलाइन खरेदीला आणखी काही लागत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करताना तीच प्रत लागते.

बंद झालेल्या क्रमांकांची यादी दूरसंचार खात्याकडे तयार असते. तिच्याशी आपले ग्राहक ताडून पाहा, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्येच बँकांना सांगितले आहे. ताईच्या बँकेने ते केले असते तर परक्या मुलाला तिच्या व्याजाचा हिशेब कळला नसता. याबद्दल आपल्या लेखात एक ओळही नाही.

आणखी एक. ताईचा अर्ज मराठीत होता, तर ‘इंग्रजीत लिहून आणा’ म्हणून परत केला. ग्राहकांसाठीचे छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असावेत, हे रिझर्व्ह बँकेचेच सांगणे आहे. त्या शाखेत मराठी फॉर्मचा एक कागद नव्हता. जन्मभर मराठी शाळेत शिकवलेल्या बाईला स्वतःच्या पैशासाठी शेजारच्या मुलाकडून अर्ज लिहून घ्यावा लागला, याचा मला अजून राग आहे.

सुधारलेला नमुना येत्या रविवारी छापावा. कालचा कापून ठेवणारे बरेच असतील.

आपला,
एक जुना वाचक, मिरज